आय सेक्शनला पीळ दिला आणि टोक धरून ठेवलं की फ्लँजेस का वाकतात?

पीळ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर गोल शाफ्ट येतो, कारण शिकताना सुरुवात तिथूनच होते. गोल शाफ्टला पिळलं की प्रत्येक काटछेद आपापल्या जागी थोडा फिरतो, पण सपाटच राहतो, लांबीच्या दिशेने कुठलाच बिंदू पुढे-मागे सरकत नाही, आत फक्त शिअर स्ट्रेस तयार होतो आणि विषय संपतो. आय सेक्शन म्हणजे इंग्रजी I सारखा काटछेद, वर-खाली दोन आडव्या पट्ट्या म्हणजे फ्लँजेस आणि मधे उभी पट्टी म्हणजे वेब, आणि तिथे हे चित्र चालत नाही. तिथे काटछेद फिरतोच, पण फिरताना सपाट राहत नाही, त्याचे कोपरे लांबीच्या दिशेने काही पुढे येतात काही मागे जातात, आणि याला आपण वॉर्पिंग म्हणतो. इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असतं. खरी गंमत पुढे आहे: हे पुढे-मागे सरकणं तुम्ही टोकाशी अडवलंत तर फ्लँजेस आडव्या वाकायला लागतात, आणि ज्या बीमला तुम्ही फक्त पीळ दिला होता त्यात चक्क बेंडिंगसारखे ताण आणि दाब तयार होतात, तेही असे की कधी कधी मूळच्या उभ्या बेंडिंगपेक्षा कितीतरी मोठे. हे का होतं तेवढंच इथे नीट उलगडून बघू, आणि एक उदाहरण आकड्यांसकट शेवटपर्यंत नेऊ.

आधी हाताने करून बघता येतं. जाड पुठ्ठ्याच्या तीन लांब पट्ट्या घ्या, एक उभी, एक वर आडवी, एक खाली आडवी, चिकटवून आय तयार करा. आता दोन्ही टोकं बोटांत हलकी धरून पिळा. किती सहज पिळलं जातं बघा, आणि पिळलेलं असताना टोकाकडे वरून बघा. वरच्या पट्टीची टोकाची कड आता आयच्या लांबीला काटकोनात राहिलेली नाही, तिचा एक कोपरा पुढे आलाय आणि दुसरा मागे गेलाय. खालच्या पट्टीत नेमकं उलटं झालंय. मधली उभी पट्टी मात्र आहे तिथेच आहे, तिची कड पुढे-मागे झालेली नाही. आता दोन्ही टोकांना एकेक जाड लाकडी ठोकळा घट्ट चिकटवा, गोंद पूर्ण वाळू द्या आणि परत पिळा. तोच पुठ्ठा, तीच लांबी, पण आता पिळायला चांगलाच जोर लागतो, आणि नीट बघितलंत तर आडव्या पट्ट्या सरळ न राहता टोकाजवळ वळण घेताना दिसतात. मटेरियल बदललं नाही, काटछेद बदलला नाही, बदललं फक्त टोक.

आता यामागची भूमिती. बीम पिळला जातो तेव्हा प्रत्येक काटछेद मधल्या अक्षाभोवती फिरतो, म्हणजे वरची फ्लँज एका बाजूला सरकते, समजा उजवीकडे, आणि खालची डावीकडे. किती सरकते? फिरण्याचा कोन गुणिले अक्षापासून फ्लँजचं अंतर, म्हणजे दोन फ्लँजमधल्या अंतराच्या निम्मं. टोकं मोकळी असतील तर कोन लांबीभर एकसारखा वाढत जातो, पहिल्या मीटरला जेवढा तेवढाच दुसऱ्या मीटरला, त्यामुळे वरच्या फ्लँजचं सरकणंही लांबीभर एकसारखं वाढतं. वरून बघितलं तर फ्लँज अजूनही एक सरळ पट्टीच आहे, फक्त ती मूळ दिशेपासून थोडी तिरकी झालीय. हे वाक्य परत वाचा, कारण सगळा विषय यावरच उभा आहे: मोकळ्या टोकांच्या बीममध्ये फ्लँज तिरकी होते, पण वाकत नाही. लहान कोनापुरतं हे चित्र अगदी चोख बसतं.

फ्लँज तिरकी झाली की तिची टोकाची कडही तिच्याबरोबर फिरते, कारण पातळ पट्टीच्या स्वतःच्या प्रतलात तिचे काटकोन काटकोनच राहतात, तसं नसतं तर तिथे मोठा शिअर लागला असता आणि मोकळ्या पिळात तो नसतो. म्हणून कडेचा एक कोपरा पुढे, दुसरा मागे. वरची फ्लँज एका दिशेला तिरकी, खालची विरुद्ध दिशेला, त्यामुळे चार कोपऱ्यांपैकी समोरासमोरचे तिरके दोन पुढे येतात आणि उरलेले दोन मागे जातात. वॉर्पिंग म्हणजे एवढंच. कुठलंही गूढ नाही, दोन पट्ट्या उलटसुलट तिरक्या झाल्यात.

आता टोक पक्कं धरा. जाड भिंतीत घट्ट बसवा, किंवा अशा कशाला तरी वेल्ड करा जे जराही हलणार नाही. धरलेल्या टोकाशी फ्लँजची कड तिरकी होऊ शकत नाही, म्हणजे त्या जागी फ्लँजची दिशा मूळच्याच रेषेत राहिली पाहिजे. पण पुढे तर तिला बाजूला जायचंय, कारण टॉर्क बीमला पिळतोच आहे. सुरुवात सरळ आणि पुढे तिरकी, असं करायचं तर मधे वळण घ्यावंच लागतं, दुसरा मार्ग नाही. आणि पट्टीने आपल्या प्रतलात वळण घेणं म्हणजेच बेंडिंग. वरची फ्लँज उजवीकडे वळते, खालची डावीकडे, आणि प्रत्येक फ्लँज आपल्यापुरती एक आडवी ठेवलेली कँटिलिव्हर होते. टोक धरल्यावर फ्लँज का वाकते या प्रश्नाचं उत्तर हेच आहे: तिला तिरकं निघायचं होतं, तुम्ही सरळ निघायला लावलंत.

याचा दुसरा परिणाम असा की टॉर्क वाहून न्यायला आता दोन वाटा झाल्या. पहिली जुनी वाट, पट्ट्यांच्या जाडीत गोल फिरणाऱ्या शिअर स्ट्रेसची, जिचं गणित सेंट व्हेनां याने १८५५ च्या सुमारास मांडलं आणि जिला त्याचंच नाव आहे. दुसरी वाट फ्लँजेसची. वरच्या फ्लँजमध्ये एक आडवा शिअर फोर्स, खालच्या फ्लँजमध्ये तेवढाच उलट्या दिशेचा, आणि दोघांमधे अंतर आहे म्हणून त्या जोडीचा टॉर्क होतो. आय बीमच्या बाबतीत ही फ्लँज वाकण्याची गोष्ट गणितात आणली ती तिमोशेन्कोने १९०५ च्या आसपास, आणि नंतर व्लासोवने सगळ्याच पातळ उघड्या सेक्शन्ससाठी तिची सर्वसाधारण थिअरी बांधली. आय सेक्शनमधे पहिली वाट फार कमजोर असते, कारण तिचा जोर जाडीच्या घनावर अवलंबून असतो आणि पट्ट्या पातळ असतात. दुसरी वाट फ्लँजच्या रुंदीच्या घनावर आणि दोन फ्लँजमधल्या अंतराच्या वर्गावर चालते, आणि ती रुंदी नि ते अंतर दोन्ही मोठं असतं. म्हणून दुसरी वाट मिळाली की बीम झटकन तीच पकडतो.

दोन्ही वाटा एका ओळीत अशा लिहितात:

```
T = G·J·φ' − E·Cw·φ'''
a = √(E·Cw / (G·J))
```

T म्हणजे टॉर्क, E आणि G हे मटेरियलचे ताणाचे आणि शिअरचे मॉड्युलस. φ हा पिळाचा कोन, φ' म्हणजे दर लांबीमागे कोन किती बदलतो ते, आणि φ''' हा त्याच कोनाचा लांबीनुसार तिसरा डेरिव्हेटिव्ह. J हा सेंट व्हेनां वाटेचा कॉन्स्टंट, Cw हा वॉर्पिंग कॉन्स्टंट, जो आय सेक्शनसाठी एका फ्लँजचा आडवा मोमेंट ऑफ इनर्शिया गुणिले फ्लँजमधल्या अंतराचा वर्ग भागिले दोन असा येतो. आणि a ही एक लांबी आहे, मीटरमध्ये मोजायची. माझ्या मते या सगळ्या विषयात एक आकडा लक्षात ठेवायचा तर हा a, का ते पुढे कळेल.

आता उदाहरण. तीन प्लेटा वेल्ड करून केलेलं आय सेक्शन घेऊ. फ्लँजेस २०० मिमी रुंद आणि १२ मिमी जाड, वेब ८ मिमी जाड, आणि दोन फ्लँजच्या मध्यांमधलं अंतर ४०० मिमी. स्टील, E दोन लाख मेगापास्कल, G ७७,००० मेगापास्कल. हा बीम भिंतीतून ३ मीटर बाहेर आलाय, भिंतीशी पूर्ण पक्का, पलीकडचं टोक मोकळं, आणि त्या मोकळ्या टोकाला १० किलोन्यूटनचा उभा लोड आहे पण वेबच्या रेषेत नाही, २०० मिमी उजवीकडे सरकलेला. म्हणजे लोड फ्लँजच्या कडेच्याही १०० मिमी बाहेर, एखाद्या ब्रॅकेटवर टेकलेला समजा. टॉर्क झाला २ किलोन्यूटन-मीटर. ऐकायला अगदी मामुली.

या सेक्शनचा J येतो साधारण २.९७ लाख मिमी⁴, Cw येतो ६.४ × १०¹¹ मिमी⁶, आणि a येतो २.३७ मीटर.

आधी वॉर्पिंग मोकळं आहे असं धरून बघू, म्हणजे भिंतीशी बीम फिरणार नाही पण कोपरे पुढे-मागे व्हायला मोकळे. मग दर मीटरला सुमारे ५ अंश पीळ, ३ मीटरला १५ अंश. या पिळात वरून बघितलं तर प्रत्येक फ्लँज साधारण १ अंशाने तिरकी होते, आणि फ्लँजचे कोपरे १.७५ मिमी पुढे किंवा मागे सरकतात. पावणेदोन मिमी. एवढीच हालचाल आहे जी भिंत अडवणार आहे, आणि पुढचे सगळे आकडे या पावणेदोन मिमीला नाही म्हटल्याची किंमत आहेत.

आता भिंत पक्की. समीकरण सोडवलं की मोकळ्या टोकाचा पीळ असा येतो:

```
φ(L) = (T / (G·J)) · [ L − a·tanh(L/a) ]
```

L म्हणजे ३ मीटर, a २.३७ मीटर, तर a·tanh(L/a) येतं २.०२ मीटर. कंसात उरतं ०.९८ मीटर, तीनच्या जागी. म्हणजे १५ अंशांचा पीळ एकदम ४.९ अंशांवर आला. फक्त एक टोक धरल्याने बीम तिपटीने कडक झाला, बाकी काहीच केलं नाही.

ही झाली चांगली बाजू, आता किंमत बघू. टॉर्क २ किलोन्यूटन-मीटर, फ्लँजमधलं अंतर ०.४ मीटर, म्हणजे सगळा टॉर्क फ्लँजेसने घ्यायचा ठरवला तर प्रत्येक फ्लँजवर ५ किलोन्यूटनचा आडवा फोर्स. भिंतीशी अगदी असंच घडतं, कारण तिथे φ' शून्य आहे, पहिली वाट बंद आहे आणि शंभर टक्के टॉर्क फ्लँजेसच्या आडव्या शिअरमधून जातो. जर लांबीभर असंच असतं तर फ्लँज म्हणजे ३ मीटरची साधी कँटिलिव्हर आणि भिंतीशी मोमेंट ५ गुणिले ३ म्हणजे १५ किलोन्यूटन-मीटर झाला असता. पण भिंतीपासून दूर गेलं की बीम पिळायला लागतो, पहिली वाट उघडते आणि थोडा टॉर्क ती उचलते, मध्यावर फ्लँजेसकडे ६३ टक्के उरतो आणि मोकळ्या टोकाशी ५२ टक्के. त्यामुळे खरा मोमेंट येतो ५ गुणिले २.०२ म्हणजे १०.१ किलोन्यूटन-मीटर. तो वर आलेला २.०२ मीटर म्हणजे फ्लँज-कँटिलिव्हरची खरी कामाची लांबी समजा, मला तरी हे असं बघितल्यावरच त्या tanh चा अर्थ नीट दिसतो.

मोकळ्या टोकाशीही फ्लँजेसकडे निम्म्याहून जास्त टॉर्क कसा, तिथे तर वॉर्पिंग मोकळं आहे, असा प्रश्न पडतो. मोकळं आहे म्हणून फ्लँजमधला बेंडिंग मोमेंट तिथे शून्य आहे, शिअर नाही. कँटिलिव्हरच्या टोकाला लोड लटकवला की तिथे मोमेंट शून्य असतो पण शिअर पूर्ण असतो, तसंच हे.

एका फ्लँजचा आडवा सेक्शन मॉड्युलस १२ गुणिले २०० चा वर्ग भागिले ६, म्हणजे ८०,००० मिमी³. १०.१ किलोन्यूटन-मीटरने फ्लँजच्या कडेला स्ट्रेस आला १२६ मेगापास्कल. आता तोच १० किलोन्यूटनचा लोड उभ्या दिशेने जे बेंडिंग करतो ते बघा: मोमेंट ३० किलोन्यूटन-मीटर, आणि स्ट्रेस फक्त २७ मेगापास्कल. लोड २०० मिमी बाजूला सरकला एवढ्यावरून आलेला स्ट्रेस मूळ बेंडिंगच्या जवळजवळ पाचपट आहे. मोकळ्या टोकाकडून भिंतीकडे बघत असाल तर वरच्या फ्लँजच्या डाव्या कडेला दोन्ही ताण जमा होऊन १५३ मेगापास्कल, आणि त्याच फ्लँजच्या उजव्या कडेला ९९ मेगापास्कल दाब! वरची फ्लँज कँटिलिव्हरमध्ये पूर्ण ताणात असायला हवी असं आपण धरून चालतो, आणि इथे तिची सुमारे ४० टक्के रुंदी दाबात गेलीय. २५० मेगापास्कल यील्डच्या स्टीलमध्ये हे अजून चालून जाईल, पण ज्याने फक्त २७ बघून बीम निवडला असेल त्याचा हिशेब पूर्ण चुकलाय. शिअरच्या बाजूने थोडा दिलासा मिळतो, मोकळ्या वॉर्पिंगला फ्लँजमध्ये ८१ मेगापास्कल शिअर लांबीभर आला असता, तो इथे मोकळ्या टोकाशी ३९ आणि भिंतीशी त्या वाटेचा शून्य.

आता a कडे परत. लांबी बदलली तर काय? याच सेक्शनचा १ मीटरचा तुकडा घ्या, L हा a पेक्षा बराच छोटा. कंसात १ मीटरपैकी फक्त साडेपाच सेंटीमीटर उरतात, म्हणजे बीम सुमारे १८ पट कडक, जवळजवळ सगळं काम फ्लँजेसचं, सेंट व्हेनां वाट नावापुरती. उलट १२ मीटरचा बीम घ्या, तिथे पीळ मोकळ्या वॉर्पिंगच्या ८० टक्के येतो, म्हणजे धरून फारसा फायदा नाही. इथेच लोक घसरतात, म्हणतात लांब बीमला वॉर्पिंग सोडून द्या. कडकपणाच्या हिशेबात सोडा एक वेळ, पण भिंतीशी स्ट्रेस सोडू नका, कारण फ्लँजची कामाची लांबी आता पूर्ण a म्हणजे २.३७ मीटर झाली, मोमेंट ५ गुणिले २.३७ म्हणजे ११.८, आणि स्ट्रेस १४८ मेगापास्कल. लांबी चौपट केली तरी स्ट्रेस कमी झाला नाही, उलट थोडा वाढला आणि तिथे थांबला. टोकाच्या टॉर्कसाठी धरलेल्या टोकाशी फ्लँजचा मोमेंट T·a/h च्या वर जाऊच शकत नाही, h म्हणजे दोन फ्लँजमधलं अंतर, त्यामुळे डोक्यातल्या डोक्यात वरची मर्यादा काढायला हे सूत्र फार कामाचं आहे.

आणि हा स्ट्रेस भिंतीपासून किती लांबपर्यंत पोचतो? लांब बीममध्ये तो a एवढ्या अंतरात साधारण ३७ टक्क्यांवर येतो. म्हणजे ४०० मिमी खोल बीममध्ये २.३७ मीटर गेल्यावरही एक तृतीयांशाहून जास्त शिल्लक, खोलीच्या जवळजवळ सहापट अंतरावर. हे मला या विषयातलं सगळ्यात विचार करण्यासारखं वाटतं, कारण आपल्याला सवय असते की टोकाशी काही स्थानिक गडबड असली तर एक-दोन खोलीएवढं आत गेलं की ती मरते, सेंट व्हेनांचंच ते दुसरं प्रसिद्ध तत्त्व. भरीव बारमध्ये ते खरं आहे. पातळ उघड्या सेक्शनमध्ये नाही, कारण दोन फ्लँजेस एकमेकींना फक्त पातळ वेबने जोडलेल्या आहेत आणि वरच्या फ्लँजचा मोमेंट खालच्या फ्लँजच्या उलट्या मोमेंटने खोडून काढायला वेब फारच लेचीपेची पडते.

त्या खोडून जाण्याबद्दलच थोडं. वरच्या फ्लँजमध्ये डावीकडे ताण उजवीकडे दाब, खालच्या फ्लँजमध्ये डावीकडे दाब उजवीकडे ताण. सगळ्याची बेरीज करा, ॲक्सिअल फोर्स शून्य, उभ्या दिशेचा मोमेंट शून्य, आडव्या दिशेचा मोमेंटही शून्य. म्हणजे नेहमीच्या कुठल्याही फोर्स-डायग्राममध्ये हे दिसणारच नाही. या उलटसुलट जोडीला बायमोमेंट म्हणतात, एका फ्लँजचा मोमेंट गुणिले फ्लँजमधलं अंतर, आपल्या बीममध्ये भिंतीशी सुमारे ४ किलोन्यूटन-मीटर². एकक विचित्र वाटतं पण अर्थ साधा आहे.

म्हणूनच नेहमीच्या फ्रेम ॲनालिसिस सॉफ्टवेअरचा आकडा इथे जपून वापरावा लागतो. त्यात प्रत्येक नोडला सहा हालचाली असतात, तीन सरकण्याच्या आणि तीन फिरण्याच्या. वॉर्पिंगसाठी सातवी लागते, ती बऱ्याच प्रोग्रॅममध्ये नसते किंवा मुद्दाम चालू करावी लागते. नसेल तर प्रोग्रॅम फक्त J वापरतो. ओळखायचं कसं? वरचाच बीम मॉडेल करा, एक टोक फिक्स, दुसऱ्या टोकाला शुद्ध टॉर्क. पीळ १५ अंशांच्या आसपास आला आणि टॉर्कमुळे आलेला नॉर्मल स्ट्रेस शून्य दाखवला तर सातवी हालचाल नाही हे नक्की. ४.९ अंश आला तर आहे. आणि आकड्यांची जात बघा, J वाल्या मॉडेलमध्ये चूक दोन्ही बाजूंनी होते: पीळ खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो, त्यामुळे वाटतं आपण सुरक्षित बाजूला आहोत, आणि त्याच वेळी भिंतीशी असलेला १२६ मेगापास्कल पूर्ण गायब असतो. खात्री करायची तर प्लेटांचं शेल मॉडेल करून फ्लँजच्या दोन कडांचा लांबीच्या दिशेचा स्ट्रेस वाचा, एकीकडे ताण एकीकडे दाब दिसला की समजायचं.

आता धरणं म्हणजे नेमकं काय यावर बोलायला हवं, कारण व्यवहारात घोळ इथे होतो. बीमचं टोक फिरू न देणं वेगळं आणि त्याचं वॉर्पिंग अडवणं वेगळं. वेबला दोन क्लिट अँगल लावून कॉलमला बोल्ट केलेला बीम टोकाशी फारसा फिरत नाही, पण त्याच्या फ्लँजेस मोकळ्या आहेत, त्या खुशाल तिरक्या होतात, म्हणून वॉर्पिंगच्या हिशेबात ते टोक मोकळंच. उलट कुणीही न धरता वॉर्पिंग अडू शकतं. दोन्ही टोकांना असे मोकळे सपोर्ट असलेला ६ मीटरचा बीम घ्या आणि बरोबर मध्यावर ४ किलोन्यूटन-मीटरचा टॉर्क द्या. डावा अर्धा आणि उजवा अर्धा एकमेकांचं प्रतिबिंब आहेत, डावीकडून येणारी वरची फ्लँज मध्यावर एका बाजूला तिरकी होऊ बघते, उजवीकडची त्याच्या उलट, पण फ्लँज तर एकच सलग आहे, म्हणून मध्यावर ती कुठल्याच बाजूला तिरकी होऊ शकत नाही. म्हणजे मधला काटछेद आपोआप भिंतीसारखा वागतो आणि प्रत्येक अर्धा म्हणजे आपला वरचा ३ मीटरचा, २ किलोन्यूटन-मीटरचा कँटिलिव्हर! तेच आकडे, मध्यावर १०.१ किलोन्यूटन-मीटर, तोच १२६ मेगापास्कल, आणि नेमका तिथेच जिथे उभं बेंडिंगही सगळ्यात जास्त असतं.

आणि जिथे धरल्यासारखं दिसतं तिथे खरंच धरलेलं असतं का? टोकाला एंड प्लेट वेल्ड केली की वॉर्पिंग अडलं असं सर्रास मानतात. एंड प्लेट मागे काही आधार नसताना, स्वतःच्या बळावर, कोपऱ्यांना कशी अडवणार? दोन कोपरे पुढे दोन मागे जाताना प्लेट स्वतः पिळली जाते, आणि तिचा विरोध म्हणजे तिचा पिळाचा कडकपणा, जो परत जाडीच्या घनावर चालतो. आपल्या बीमच्या त्याच टोकाशी भिंतीऐवजी फक्त फिरणं अडवलं आणि वॉर्पिंगची जबाबदारी एंड प्लेटवर टाकली असं धरून हिशेब केला, तर १० मिमीची प्लेट पूर्ण अडवणुकीच्या जेमतेम ४ टक्के बायमोमेंट देते, आणि २० मिमीची सुमारे २६ टक्के. म्हणजे प्लेट दुप्पट जाड करून सहापट फरक पडतो, तरीही पूर्ण अडवणुकीपासून लांबच. उभे स्टिफनर वेबला लावून तर वॉर्पिंग जवळजवळ अडतच नाही, कारण तेही सुटे पातळ तुकडेच. खरंच अडवायचं असेल तर टोकाजवळ थोड्या लांबीत दोन्ही बाजूंना फ्लँजच्या कडांना जोडणाऱ्या, वेबला समांतर प्लेटा लावून तो भाग बंद पेटीसारखा करावा लागतो. बंद पेटी पिळाला प्रचंड कडक असते, वरच्या आणि खालच्या फ्लँजला ती उलटसुलट तिरकं होऊ देत नाही.

आणि जोड खरंच कडक केलात तर तो बायमोमेंट त्या जोडातूनच बाहेर जाणार हे धरूनच बोल्ट मोजायला लागतात. आपल्या बीमच्या फ्लँजशी बोल्ट एकमेकांपासून १२० मिमीवर असतील आणि मोमेंट फक्त त्या दोन रेषांमधून जातोय असं ढोबळ धरलं, तर १०.१ किलोन्यूटन-मीटर भागिले ०.१२ मीटर म्हणजे एका रेषेवर सुमारे ८४ किलोन्यूटनची ओढ, दुसरीकडे तेवढाच दाब, आणि खालच्या फ्लँजला बाजू अदलाबदल. उभ्या बेंडिंगची ओढ वरच्या दोन्ही रेषांवर वेगळी, ती ३० किलोन्यूटन-मीटर भागिले ०.४ मीटर म्हणजे ७५ किलोन्यूटन, दोघांत वाटून साडेसदतीस. म्हणजे वरच्या डाव्या रेषेवर एकशेवीसच्या वर आणि वरच्या उजव्या रेषेवर ओढ नाहीच, दाब. जोडाच्या कागदावर वरच्या दोन्ही रेषांना सारखी ओढ लिहिलेली दिसली आणि लोड वेबच्या रेषेत नसेल, तर वॉर्पिंग धरलेलं नाही हे तिथल्या तिथे कळतं.

हे सगळं चालतं ते कोन लहान असेपर्यंत आणि काटछेदाचा आकार टिकून असेपर्यंत. आपल्या मोकळ्या उदाहरणातले १५ अंश आधीच सीमेवर आहेत, १२ मीटरच्या बीमला तोच टॉर्क दिला तर कोन ४८ अंशांवर जातो आणि तिथे हे समीकरण वापरण्यात अर्थ नाही, फक्त गुणोत्तर समजून घ्यायला ठीक. वेब फार पातळ आणि खोल असेल तर ती स्वतःच वाकते, फ्लँजेस एकमेकींच्या हिशेबाने फिरत नाहीत, आणि मग वरच्या फ्लँजला टॉर्क देणाऱ्या ब्रॅकेटपाशी वेबला स्टिफनर देऊन आकार टिकवावा लागतो. वॉर्पिंगसाठी त्या स्टिफनरचा उपयोग नाही, पण टॉर्क दोन्ही फ्लँजेसपर्यंत पोचवायला तो तिथे हवाच.